तगादाबाईंचं आभारपत्र

कारखान्यात तिला सगळे तगादाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. हॉस्पिटलचे पलंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळत होती. पाइप, पत्रा, चाकं, नट-बोल्ट, रंग, गादीचं कापड, जे जे बाहेरून यायचं ते वेळेवर आणणं हे तिचं काम. आणि जगात कुठलीही वस्तू आपणहून वेळेवर येते यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. टेबलावर एक जाडजूड डायरी. रोज सकाळी ती त्यात पुरवठादारांची नावं लाल पेनाने लिहून काढायची आणि मग एकेकाच्या हात धुऊन मागे लागायची.

लोकांच्या थापा तिला तोंडपाठ होत्या. 'गाडी निघाली' म्हणजे माल अजून मशीनवर आहे. 'उद्या नक्की' म्हणजे परवा विचारा. 'साहेब बाहेर गेलेत' म्हणजे साहेब समोरच बसलेत आणि हातानेच नाही-नाही करतायत. पत्रं लिहिण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सविनय आठवण, पुन्हा आठवण, अत्यंत तातडीचे, शेवटची आठवण, आणि शेवटच्या आठवणीनंतरचीही एक आठवण. घरी तिची मुलगी म्हणायची, "आईने कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या, तरी खाली 'त्वरित कार्यवाही व्हावी' असं येईल."

बावीस वर्षांत आभाराचं पत्र मात्र तिने एकही लिहिलं नव्हतं. लिहावं अशी वेळच कुणी आणली नाही, असं तिचं म्हणणं. आणि मग एका गुरुवारी सकाळी सव्वादहाला ती वेळ आली.

झालं होतं असं. लहान मुलांच्या एका नव्या वॉर्डसाठी साठ पलंग द्यायचे होते. पलंग तयार, रंगवून वाळलेले, आणि हॉस्पिटलने ऐन वेळी कळवलं की गाद्या आधी ठरल्या त्यापेक्षा जाड येणार आहेत. गादी जाड म्हणजे मूल वर येणार, मूल वर आलं म्हणजे बाजूचा कठडा उंच हवा, आणि कठडा उंच म्हणजे जड. त्या कठड्याची खिट्टी एका बोटाएवढ्या स्प्रिंगवर बसते. जुन्या स्प्रिंगला जड कठडा पेलवेना. चार-दोन वेळा वर-खाली केला की खिट्टी अर्धवट बसायची आणि धक्का लागताच कठडा खटकन खाली. आत मूल झोपलेलं असलं तर? तपासणी करणाऱ्याने सरळ लाल चिठ्ठी लावली. एका पलंगाला चार, म्हणजे साठ पलंगांना दोनशे चाळीस नव्या स्प्रिंगा, त्याही नव्या मापाच्या. पलंग शुक्रवारी निघायचे होते आणि हा सगळा गोंधळ झाला सोमवारी सकाळी.

स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीची नेहमीची मुदत एकवीस दिवस. ती कंपनी मोठी. गाड्यांच्या कारखान्यांना लाखांनी स्प्रिंगा पुरवणारी. त्यांच्यापुढे या पलंगवाल्यांची ऑर्डर म्हणजे किस झाड की पत्ती. तगादाबाईने तिथल्या नियोजन बघणाऱ्या ताईंना फोन लावला. कोणत्या मशीनवर कोणता माल कधी लागणार हे त्या ठरवत. ताई कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मापं पक्की आहेत का? पुन्हा बदलणार नाहीत ना?"

"नाही. आता देव आला तरी बदलणार नाहीत."

"पाठवा. बघते."

'बघते' या शब्दाचा अर्थही तगादाबाईला पाठ होता. त्याचा अर्थ 'विसरा'. तिने मंगळवारी पाच फोन केले, बुधवारी सात. आणि गुरुवारी सकाळी सव्वादहाला, तिने तेरावा फोन उचललेला असतानाच, दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोवाला दोन खोकी खांद्यावरून उतरवून म्हणाला, "स्प्रिंगा. सही करा."

तगादाबाई सही करायची विसरली. तिने खोकं तिथेच फोडलं. तेल लावलेल्या, चकचकीत, एकसारख्या स्प्रिंगा! दोनशे पन्नास, दहा जास्तीच्या. सोबत कागद, त्यावर प्रत्येक स्प्रिंग दाबून तपासल्याची नोंद. ती एक मूठ भरून घेऊन जोडणी विभागात धावत गेली. वय बावन्न, गुडघे तक्रार करणारे, तरी धावत गेली. पहिली स्प्रिंग बसली, कठडा वर गेला, खिट्टीने खण्ण आवाज केला, आणि फोरमनने आपलं सगळं वजन त्या कठड्यावर टाकलं. तो वजनदार माणूस होता. कठडा हलला नाही. सगळा विभाग ओरडला. कुणीतरी शिट्टी मारली. तगादाबाईच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं आणि तिने ते स्प्रिंगच्या तेलकट हातानेच पुसल्यामुळे दिवसभर तिच्या गालावर काळा पट्टा राहिला.

शुक्रवारी दुपारी साठच्या साठ पलंग रवाना झाले. चार वाजता मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालकांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

"हॉस्पिटलवाले खूश आहेत. आणखी दोनशे पलंग विचारतायत!"

"दोनशे?" तिने खुर्ची ओढली.

"पण पहिले पन्नास तीन आठवड्यांत हवेत. माझं उत्तर गुरुवारपर्यंत हवंय. बाकी सगळं आपल्या हातात आहे, फक्त तुमच्या त्या स्प्रिंगा नाहीत. एकवीस दिवसांत येणार असतील तर मी आजच नाही म्हणतो. एकदा तोंडावर आपटण्यापेक्षा ते बरं. पण ते लोक आपल्याला असंच पुढे ठेवणार असतील, तर हो म्हणतो आणि पलंग जोडणीची बंद पडलेली दुसरी लाइन सुरू करतो."

दुसरी लाइन बंद झाली तेव्हा तिथले अकरा जण घरी बसले होते. त्यातल्या चौघांचे फोन अजून तगादाबाईला यायचे, 'बाई, काही हालचाल?' म्हणून.

"त्यांचे झकास आभार माना," मालक म्हणाले. "असे माना, की पुढच्या वेळीही आपला नंबर पहिला लागला पाहिजे."

झालं. बाई टेबलाशी आली ती हवेतच. तिने बाह्या सरसावल्या आणि आयुष्यातलं पहिलं आभारपत्र लिहायला घेतलं. सुरुवात छान झाली. 'आपण केवळ तीन दिवसांत माल पुरवून आम्हाला मोठ्या अडचणीतून सोडवले, याबद्दल मनःपूर्वक आभार.' इथे थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बावीस वर्षांची सवय बोटांत मुरलेली. बोटं पुढे चालतच राहिली. 'आपली क्षमता तीन दिवसांची आहे हे यातून सिद्ध झाले आहे. त्यानुसार आमच्या नोंदीत आपली मुदत एकवीस दिवसांऐवजी तीन दिवस अशी करण्यात येत आहे. यापुढेही हीच तत्परता अपेक्षित आहे.' आणि पत्राला वजन यावं म्हणून तिने त्याची प्रत थेट त्यांच्या मोठ्या साहेबांना पाठवली. मेल गेली. संगणकात तिने खरंच एकवीसचे तीन केले. मग ती घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "आज मी आभार मानले." नवरा म्हणाला, "कुणाचे? आणि त्यांना सहन झाले का?"

शनिवारी सकाळी नऊला फोन वाजला. नियोजनवाल्या ताई.

"तुमचं पत्र मिळालं."

"मिळालं ना? अहो, खरंच, तुम्ही म्हणजे—"

"साहेबांनी मला बोलावून विचारलं, तीन दिवसांत होतं तर सगळ्यांना तीन आठवडे का सांगतेस? मी गाडीवाल्यांचा माल अर्धा दिवस थांबवून तुमचा घेतला होता. तेवढा अधिकार मला आहे, तो मी वापरला. आता मला त्याचा लेखी खुलासा द्यायचाय." ताईंचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त टोचत होतं. "बाई, पुढच्या वेळी तुमची ऑर्डर आली की मी एकवीस दिवस सांगेन. एकविसाव्या दिवशी माल मिळेल. विसाव्या दिवशीही नाही."

फोन ठेवला गेला. आपण पत्र लिहिलं आभाराचं आणि पोचला तो तगादा, हे तगादाबाईच्या टाळक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा मात्र कानशिलं तापली. ज्या बाईने आपल्यासाठी रांग मोडली, तिलाच आपण तिच्या साहेबांपुढे उभं केलं. वर दुसरी लाइन, ती अकरा माणसं, गुरुवार.

ती मालकांकडे गेली आणि सगळं खरं सांगून टाकलं. मालकांनी कपाळाला हात लावला. मग कपाट उघडून त्यांनी कंपनीचं नाव छापलेली दोन भिंतीवरची घड्याळं काढली. "जा. ही देऊन या. गोड बोला."

ती दोन घड्याळं काखेत मारून तगादाबाई बसने निघाली. स्प्रिंगच्या कंपनीच्या फाटकावर वॉचमनने पिशवीत डोकावून मान हलवली. "भेटवस्तू आत नेता येत नाहीत, मॅडम. नियम आहे. परत जाताना घेऊन जा." बाईने घड्याळं त्याच्या केबिनमध्ये ठेवली. दोन्ही चालू होती आणि दोन्हींत वेगवेगळी वेळ होती. वॉचमनला त्याचं फार हसू आलं.

ताई बाहेर आल्या. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, चष्मा डोक्यावर, हातात पेन्सिल. तगादाबाईने वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं ऐन वेळी पळालं.

"मी चुकले," ती म्हणाली. "मला आभार मानता येत नाहीत. कधी मानलेच नाहीत. तुम्ही तीन दिवसांत ते कसं केलंत, हे मला माहीतच नाही, आणि न बघताच लिहिलं. मला दाखवाल?"

ताई चष्मा नाकावर घेऊन म्हणाल्या, "या."

आत तारेची मोठमोठी वेटोळी मोठाल्या बांगड्यांसारखी रांगेने टांगलेली होती. मशीन एका बाजूने तार गिळत होतं आणि दुसऱ्या बाजूने टक-टक-टक स्प्रिंगा टाकत होतं. तगादाबाई दर महिन्याला स्प्रिंगा मागवायची, पण त्या होतात कशा, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती लहान मुलीसारखी वाकून बघू लागली.

"हे मशीन एका मापावरून दुसऱ्यावर न्यायला अर्धा दिवस जातो," ताई म्हणाल्या. "तार बदला, हत्यारं बदला, वेटोळी जुळवा. तुमचा फोन आला तेव्हा नशिबाने तुमच्याच जाडीची, दोन मिलिमीटरची तार मशीनवर होती. तार बदलायची नव्हती, म्हणून मी गाडीवाल्यांच्या मालाच्या मध्ये तुम्हाला घुसवलं. दुसरी तार असती तर मी काही करू शकले नसते. आणि तरीसुद्धा यांनी मनावर घेतलं नसतं तर झालं नसतं."

'हे' म्हणजे मशीन जुळवणारे सेटर. पन्नाशीचे, कानात कापसाचे बोळे, गप्प. त्यांनी मंगळवारी जेवणाची सुट्टी घेतली नव्हती. पहिल्या नऊ स्प्रिंगा त्यांनी स्वतःच मोडीत टाकल्या, कारण दाब थोडा कमी भरत होता. दहावी बरोबर आली. मग टोकं घासून सपाट केली, मग तारेत वळवताना आलेला ताण जावा म्हणून स्प्रिंगा भट्टीत तापवल्या, आणि मग तपासणीतल्या मुलीने प्रत्येक स्प्रिंग यंत्रावर दाबून पाहिली. नेहमी पन्नासातली एक बघतात. या वेळी अडीचशे.

"सगळ्या का?" तगादाबाईने विचारलं.

"तुम्ही ताईंना फोनवर म्हणालात, आत मूल झोपणार आहे," ती मुलगी म्हणाली. "मग कोणती एक सोडू?"

तगादाबाईने यंत्राजवळची एक स्प्रिंग उचलून बोटांत दाबून पाहिली. सेटरनी एका कानातला बोळा काढला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं, "बसली का हो नीट?"

"बसली! खण्ण वाजली! आमचा फोरमन नव्वद किलोचा आहे, तो अख्खा लटकला त्या कठड्यावर!"

सेटर हसले. "अठरा वर्षं स्प्रिंगा काढतोय," ते म्हणाले, "पण एकही कुठे जाऊन बसली, हे कधी कुणी सांगितलं नाही." आणि बोळा परत कानात घालून कामाला लागले.

परत जाताना ताई फाटकापर्यंत आल्या. "ऐका," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवस ही माझी खरी मुदत आहे. ते तीन दिवस माझे नव्हते. नशिबाचे होते आणि या लोकांच्या भुकेचे होते. ते तुम्ही तुमच्या नोंदीत टाकलेत, हे मला लागलं."

"सोमवारी पहिलं काम ते करते," तगादाबाई म्हणाली. "आणि दुसरं पत्र लिहिते. पण पाठवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवीन. तुमचं नाव घालू की नको, तुम्ही सांगा."

रविवारभर तिने पत्र लिहिलं आणि फाडलं. मुलगी शेजारी बसून पहारा देत होती. "आई, 'अपेक्षित' काढ." काढलं. "आई, 'यापुढेही' काढ." तेही काढलं. "आई, 'तत्काळ' कुठून आला आता?" तगादाबाई म्हणाली, "अगं, आपोआप आला!" दोघी हसून लोळल्या. नवरा आतून म्हणाला, "मला एवढं जपून कधी लिहिलं नाहीस." शेवटी एका पानाचं पत्र झालं.

सोमवारी सकाळी तिने संगणकात तीनचे एकवीस केले आणि ताईंना फोन लावून पत्र वाचून दाखवलं. ते त्यांच्या मोठ्या साहेबांच्या नावे होतं:

'माझ्या मागच्या पत्रात मी आपली मुदत तीन दिवस लिहिली, ती माझी चूक होती. आपली मुदत एकवीस दिवस आहे आणि आमच्या नोंदीत तीच आहे. मागच्या आठवड्यात जे झाले ते मुदतीच्या पलीकडचे होते. मापे आम्ही ऐन वेळी बदलली होती. आपल्या नियोजनातील ताईंनी मशीनवर त्याच जाडीची तार आहे हे हेरून, त्यांच्या अधिकारात, आमचे काम मध्ये बसवले. आपल्या सेटरनी जेवण सोडून मशीन जुळवले आणि दाब बरोबर येईपर्यंत नऊ स्प्रिंगा बाजूला टाकल्या. तपासणीतील मुलीने अडीचशेही दाबून पाहिल्या. त्या स्प्रिंगा आता साठ मुलांच्या पलंगांच्या कठड्यांत आहेत. एकही कठडा खाली पडलेला नाही. हे काम पाहून हॉस्पिटलने आणखी दोनशे पलंगांची विचारणा केली आहे. ती आपल्या माणसांमुळे आली, हे त्यांना कळावे म्हणून लिहिते. आमच्याकडून एवढे करू: पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज दर महिन्याच्या सुरुवातीला कळवू, मापे पक्की झाल्याशिवाय पाठवणार नाही, आणि पलंग खरोखर अडल्याशिवाय तातडी हा शब्द वापरणार नाही.'



"गाडीवाल्यांचा उल्लेख नाही, ते बरं केलंत," ताई म्हणाल्या. "'त्यांच्या अधिकारात' हे दोन शब्द राहू द्या. माझा खुलासा त्यातच झाला. पाठवा."

छापलेल्या पत्राला तिने वॉर्डमधल्या पलंगाचा एक मोठा फोटो जोडला. त्यात कठडा वर होता, खिट्टी बसलेली, आणि तिच्यात ती बोटाएवढी स्प्रिंग स्पष्ट दिसत होती. पण पाकीट बंद करण्याआधी मालकांनी ते वाचलं आणि त्यांचा आवाज वर गेला.

"यात मागणी कुठे आहे? आठशे स्प्रिंगा, दहा दिवसांत, हे कुठे आहे?"

"नाही घातलं."

"अहो, गुरुवारी मला उत्तर द्यायचंय! आभार आणि मागणी एकाच पाकिटात घाला ना, गरम आहे तोवर."

"साहेब, मागणी घातली की तो तगादा होतो. एकदा करून बघितलाय मी," ती म्हणाली. "आभार आज जातील. विचारणा बुधवारी वेगळी जाईल. आणि त्या नाही म्हणाल्या तर ते नाही खरं असेल."

"आणि दुसरी लाइन?"

तिने पाकिटाला डिंक लावला. पाकीट गेलं.

मंगळवारचा दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. हात दहा वेळा फोनकडे गेला. पत्र मिळालं का, एवढंच विचारायचं. त्यात काय बिघडतं? तिने फोन उचलून खिडकीत, कुंडीच्या मागे ठेवला. चाकंवाला, पत्रावाला, रंगवाला यांना त्या दिवशी असे काही तगादे गेले की रंगवाल्याने उद्याचा माल त्याच संध्याकाळी आणून टाकला. डायरीत स्प्रिंग कंपनीचं नाव लाल पेनाने लिहिलं जायचं, ती ओळ मात्र तिने कोरी सोडली. तिकडे बघितलं की तिला चुकल्यासारखं व्हायचं.

बुधवारी सकाळी साडेनऊला तिने विचारणेचा कागद टाइप करायला घेतला. 'आठशे' एवढाच शब्द लिहून झाला होता, तेवढ्यात कुंडीच्या मागे फोन वाजू लागला. ती धावली, कुंडी कलंडली, माती सांडली.

"आठशे लागतील ना?" ताई म्हणाल्या.

"काय?"

"दोनशे पलंग, चार-चार स्प्रिंगा. आठशे. पत्रात लिहिलंत तेव्हाच मी हिशोब केला. कधी सांगणार होतात?"

"आज... आत्ता, कागद टाइपच करतेय... अहो, खरंच, थाप नाही!"

"ऐका नीट. उद्या दुपारी दोन मिलिमीटरची तार मशीनवर चढतेय, दुसऱ्याच कुणाच्या मालासाठी. त्यांचा माल सोमवारी संपेल. तुमची ऑर्डर आज हातात आली, तर तार उतरवायच्या आधी तुमचा लावते. कुणाचंही काही अडत नाही, कुणाला खुलासा द्यायला लागत नाही. साहेबांची सही घेतलीय. त्यांनी पत्र वाचून विचारलं, हे सेटर म्हणजे आपलेच का? आणि खाली उतरून स्वतः त्यांच्याकडे गेले."

तगादाबाई खुर्ची शोधत होती. खुर्ची मागेच होती.

"मग माल तारखेला—" असं तिच्या तोंडून निघालंच. तिने जीभ चावली.

"विचारा, विचारा," ताई हसल्या. त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच ऐकलं. "नाही विचारलंत तर मला वाटेल तुम्ही आजारी आहात. पुढच्या बुधवारी. आणि हो, दर महिन्याचा तो अंदाज नक्की पाठवत जा. तार आधी कळली की असं दर वेळी जमेल, पळापळ न करता. तुमच्यासारखं आधी सांगणारं गिऱ्हाईक मला हवंच आहे."

"पाठवीन. पाठवीनच."

"आणखी एक. सेटर इथे उभे आहेत, ते विचारतायत." पलीकडे मशीनची टक-टक ऐकू येत होती आणि त्यात कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगत होतं. "तो फोटो त्यांनी घरी नेला होता. बायकोला दाखवला. आता म्हणतायत, नवे पलंग निघायच्या आधी एक खरा बघायला मिळेल का? हाताने कठडा लावून बघायचाय त्यांना."

बावीस वर्षं तगादाबाई फोन करत आली होती. आपणहून कुणाचा असा फोन कधी आला नव्हता.

"सगळे या," ती म्हणाली. "त्या तपासणीतल्या मुलीलाही आणा. पहिला पलंग उभा राहिला की मी कळवते. आणि ताई..."

"काय?"

"आभारी आहे."

त्या एका वाक्याच्या पुढे तिने काहीही जोडलं नाही. फोन ठेवला, मातीतून वाट काढत ती मालकांच्या केबिनकडे निघाली, आणि दारातूनच ओरडली, "हो म्हणा, साहेब! दोनशेला हो म्हणा!" मग वळली, डायरीतून त्या चौघांचे नंबर काढले, आणि पहिला फिरवला.

"हॅलो, मी तगादाबाई," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी आठला कामावर या. उशीर चालणार नाही."